ढिगात किती कार्डं उरली?

*मी पतसंस्थेत नोकरी करते आणि कथा लिहायचा नाद आहे. सोबत एक कथा पाठवतेय. ओंकार दहावीत आहे. त्याची ताई रूपाली आठ वर्षांनी मोठी, नववीनंतर शाळा सुटलेली. ती यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून तीच परीक्षा देतेय. उद्या इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर आणि रात्री दोघं घरी केलेली कार्डं घेऊन एकमेकांना प्रश्न विचारतात. एवढीच गोष्ट. वाचणारे म्हणाले, छान आहे, पण काही घडत नाही. म्हणून मी मध्ये लाइट घालवली, वडलांना दारू पिऊन घरी आणलं, शेवटी निकाल लावून दोघांना पास केलं. आता म्हणतात, सिनेमासारखी झाली. शिवाय वीसेक प्रश्नोत्तरं आहेत, ती वाचताना गाइड वाचतोय असं वाटतं म्हणे. काय काढू आणि काय ठेवू?*
*— एक वाचक, इचलकरंजी*

कथा दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले आणि समासात एकच गोष्ट लिहीत गेले: या क्षणी कार्ड कोणाच्या हातात आहे? बारा पानांत मला ते तीनदाच कळलं. बाकी सगळीकडे ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’. म्हणजे ही दोघं कार्डं न वापरता वही समोर ठेवून बसली असती, तरी तुमच्या कथेत काहीच बदललं नसतं. वाचणाऱ्यांची तक्रार इथून आली आहे, आणि तुम्ही तिच्यावर औषध म्हणून बिचाऱ्या वडलांना दारू पाजलीत.

वडील काढा. लाइट राहू द्या, तिच्याकडे मी नंतर येते. आधी कार्डं.

तुम्ही ‘घरी केलेली कार्डं’ एवढंच म्हणून पुढे गेला आहात. कशाची केली? वहीचं पान कापून केलं तर कागद पातळ. बॉलपेनाचं लिखाण मागून उमटतं आणि दिव्यासमोर धरलं की उत्तर उलटं का होईना, वाचता येतं. जाड कागद घरात कुठून येतो? आमच्याकडे माळ्यावर लग्नपत्रिकांची पिशवी असायची. आलेली पत्रिका टाकायची नाही, असा आईचा नियम. मी आणि माझा धाकटा भाऊ त्याच कापायचो. तुमच्या घरातही अशी पिशवी असेलच, म्हणून तुमच्या कथेतही पत्रिकाच आहेत असं धरून चालू.

पत्रिकेला एक बाजू छापलेली, एक कोरी. म्हणजे प्रश्न पुढे आणि उत्तर मागे असं करता येत नाही. दोन्ही गोष्टी कोऱ्या बाजूवरच लिहाव्या लागतात, वर प्रश्न आणि खाली उत्तर. विचारणारा कोरी बाजू स्वतःकडे धरतो; त्याला प्रश्नही दिसतो आणि उत्तरही. उत्तर देणाऱ्याच्या समोर येते ती छापील बाजू, आणि तीही कात्रीने तोडलेली. एका कार्डावर गणपतीची अर्धी सोंड, एकावर ‘चि. सौ. कां.’, एकावर नुसतं ‘आहेर आणू नये’मधलं ‘आणू नये’.

आता बघा, कागदाच्या या एका अडचणीतून दोन लबाड्या आपोआप तयार होतात.

पहिली ओंकारची. कार्डं त्यानेच कापली, त्यानेच लिहिली. दोन फेऱ्या झाल्यावर त्याला प्रश्न ऐकायची गरजच उरत नाही. सोंड दिसली की ‘हिरोडोटस’. ‘आणू नये’ दिसलं की ‘व्हॉल्टेअर’. तो फसवायला बसलेला नाही, त्याला स्वतःला वाटतंय की आपल्याला येतंय. पाठांतराचा हा सगळ्यात जुना चकवा आहे. मूल पानाचा कोपरा, डाग, शाईचा रंग ओळखतं आणि धडा येतो असं समजतं. उद्याच्या प्रश्नपत्रिकेवर सोंड नसणार.

दुसरी रूपालीची, आणि ही तुमच्या मसुद्यात अर्धी आहेच, फक्त तुमच्या लक्षात आलेली नाही. प्रत्येक गठ्ठ्याला ती म्हणते, ‘थांब, आधी मी विचारते.’ तुम्ही ते मोठ्या बहिणीचं दादागिरीचं वाक्य म्हणून लिहिलंय. पण जो आधी विचारतो, तो कार्डावरची सगळी उत्तरं फुकटात वाचतो. मग त्याच गठ्ठ्यावर त्याची उत्तर द्यायची पाळी येते, तेव्हा उत्तरं ताजी असतात. आठ वर्षं शाळेबाहेर राहिलेली, धाकट्या भावासमोर अडखळायची भीती वाटणारी मुलगी हेच करेल. तोंडाने काही बोलणार नाही.

तुमची घटना ही. सापडण्याचा प्रसंग मी असा लिहिला असता. हवा तसा मोडून घ्या:

> तिने सोंडेचं कार्ड उचललं. त्यावरचं वाचलंच नाही. ‘दर्पण कोणी सुरू केलं?’
> ‘हिरोडोटस.’
> ती गप्प बसली. मग कार्ड उलटं करून तिने गणपतीकडे पाहिलं.
> ‘परत सांग.’
> ‘हिरो... काय विचारलंस?’
> ‘दर्पण, ओम्या. बाळशास्त्री जांभेकर. हे तुला चौथीपासून येतंय.’
> त्याचे कान लाल झाले. ‘मग तू सांग, तू दरवेळी आधी का विचारतेस?’

यानंतर एक ओळसुद्धा खुलासा नको. ‘तिला वाटलं की आपली चोरी पकडली गेली’ वगैरे तर मुळीच नको. तिने गठ्ठा त्याच्या हातात द्यावा, बस.

आणि इथून कथेला पुढे जायला कारण मिळतं, जे आत्ता नाही. ‘आलं’ म्हणून बाजूला काढलेला सगळा ढीग आता संशयात आहे. तो पुन्हा घ्यायचा का, यावर भांडण होऊ शकतं, आणि ते खरं भांडण असेल. ओंकारचं म्हणणं, आलेलं परत कशाला, झोपू दे. रूपालीचं म्हणणं, सगळी परत. बरोबर कोण? २००८ साली कार्पिक आणि रोडिगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना चाळीस स्वाहिली शब्द अर्थांसह दिले. काहींना शब्द एकदा आला तरी पुन्हापुन्हा विचारला; काहींचा आलेला शब्द पुढच्या विचारण्यातून काढून टाकला. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ऐंशी टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे रूपालीचं बरोबर. पण तो आठवड्याचा हिशेब होता. यांचा पेपर सकाळी अकराला आहे, आणि आदल्या रात्री झोप सोडून केलेल्या तिसऱ्या फेरीचा फायदा कितीसा, हा ओंकारचा मुद्दाही खोटा नाही. दोघंही थोडी बरोबर असतात, तेव्हा भांडण वाचायला मजा येते. प्रयोगाचं नाव कथेत अर्थातच आणू नका, हे तुमच्यासाठी सांगितलं.

गाइडची तक्रार. वीस प्रश्न जास्तच आहेत, सात पुरेत. मात्र त्याहून मोठी अडचण अशी की तुमचे वीसच्या वीस प्रश्न एकाच जातीचे आहेत: विचारलं, बरोबर आलं, विचारलं, ‘माहीत नाही’ म्हणाला. संवादात ‘माहीत नाही’ म्हणजे भिंत, पुढे रस्ता नाही. ठणकावून दिलेलं चुकीचं उत्तर जिवंत असतं. तुमच्या कथेत त्याची आयती जागा आहे. दहावीच्या इतिहासाचा पहिलाच धडा पाश्चात्य इतिहासलेखनाचा. हिरोडोटस इतिहासाचा जनक, आणि आधुनिक इतिहासलेखनाचा जनक व्हॉल्टेअर. ‘आधुनिक’ हा एक शब्द ऐकायचा राहिला की उत्तर गेलं. वर सोंडेच्या प्रसंगानंतर ओंकारच्या डोक्यात हिरोडोटस घट्ट बसलेला असणारच. तेव्हा रूपाली विचारते आणि हा छाती काढून सांगतो, हिरोडोटस, शंभर टक्के, पैज लाव. पैज लावा. काहीतरी लहानसं, उद्या पेपरनंतरचा वडापाव.

खात्रीने केलेली चूक, उत्तर लगेच कळलं तर, डळमळीत चुकीपेक्षा जास्त पक्की दुरुस्त होते. २००१ साली बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी हे दाखवून दिलं. धक्का बसतो, लक्ष तिथे जातं. वाचकाचंही तसंच होतं. पैज हरलेला ओंकार व्हॉल्टेअर विसरणार नाही, आणि तुमचा वाचकही नाही.

दुसरी चूक आकड्यांची करा. ‘दर्पण’ १८३२, ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२. मधला एकच आकडा वेगळा. ओंकार सेमी-इंग्रजीतला, तो म्हणणार ‘एटीन एटी टू’. रूपाली म्हणणार ‘अठराशे ब्याऐंशी’. तो विचारणार, ‘ब्याऐंशी म्हणजे एटी टू ना गं? की नाइन्टी टू?’ पहिल्यांदा या रात्रीत तिला त्याच्यापेक्षा जास्त काहीतरी येतंय. हे तीन ओळींत होतं. वडलांच्या दारूला तुम्ही दीड पान दिलं होतं.

आता एक असं कार्ड, जे कार्डात मावत नाही. एका शब्दाच्या उत्तराला कार्ड चांगलं. ‘म्हणजे काय’ विचारलं की विचारणाऱ्याला न्यायाधीश व्हावं लागतं: हे बरोबर धरायचं की नाही? भावंडांमध्ये सगळं नातं त्या ‘धरायचं का’मध्ये दिसतं. तुमच्याच मसुद्यातला प्रश्न घेते, पाचव्या पानावर तो असाच वाया गेलाय.

> ‘स्त्रीवादी इतिहासलेखन म्हणजे काय?’
> ‘बायकांच्या बाजूनं इतिहास परत लिहायचा.’
> ओंकारने कार्ड पाहिलं. ‘दृष्टिकोनातून. आणि पुनर्मांडणी.’
> ‘तेच म्हटलं की मी.’
> ‘पुनर्मांडणी म्हटलं नाहीस.’
> ‘अर्थ तोच ना?’
> ‘अर्थाला मार्क नसतात, ताई.’
> कार्ड ‘नाही आलं’च्या ढिगात गेलं.

बघा, प्रश्न काय आहे, ती कोण आहे आणि तिला तिच्या शब्दांत उत्तर येत असून ते कोण नापास करतंय. हे वाचकाला दिसतं. तुम्ही पुढे लिहिलंय, ‘रूपालीला वाटलं, आपलाही इतिहास कोणी लिहिला नाही.’ ते वाक्य खोडा. पेनने खोडा, म्हणजे परत वाचता येणार नाही. आणि याच वेळी तिच्यासमोर जी छापील बाजू आहे, त्यावर ‘चि. सौ. कां.’ असू द्या. चोवीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी रात्रभर त्या तीन अक्षरांकडे बघत उत्तरं देतेय. एकदाच सांगा की त्या तुकड्यावर ते छापलंय. ती त्याकडे बघून उसासा टाकते असं लिहिलंत, तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

‘रात्रीचे दहा वाजले’, ‘अकरा वाजले’, ‘घड्याळात बाराचे ठोके पडले’ असं तुम्ही चार ठिकाणी लिहिलंय. गरज नाही. ढीग हेच घड्याळ आहे. समजा अठ्ठेचाळीस कार्डं आहेत. पहिल्या फेरीत ‘नाही आलं’मध्ये एकोणीस. दुसरीनंतर आठ. एका कार्डाला, बोलणं धरून, वीस-पंचवीस सेकंद लागतात. अठ्ठेचाळीसचा एक गठ्ठा वीस मिनिटांत होतो, दोघांचा मिळून चाळीस. मी मुद्दाम भाचीला बसवून मोजलं. म्हणजे दोन फेऱ्या आणि भांडणं धरून दीड-दोन तासांची गोष्ट आहे, तुमच्या मसुद्यात ती पाच तास चालते. वाचकाला आकडे तीनदा दिलेत की पुरे, तोच मोजत बसेल: आता किती उरली?

आणि आठ उरलेली असताना लाइट घालवा.

मसुद्यात लाइट जाते तेव्हा दोघं घाबरतात, मेणबत्ती शोधतात, आईची आठवण काढतात. काहीच बदलत नाही, नुसता अंधार होतो. पण लग्नपत्रिकेचं कार्ड अंधारात काय होतं ते पाहा. विचारणाऱ्याच्या हातातलं उत्तर गेलं. उत्तर देणाऱ्यासमोरची सोंडही गेली. दोन्ही लबाड्या एका फटक्यात बंद. आता विचारायचं तरी आठवून, सांगायचं तरी आठवून, आणि खरं-खोटं करायला कोणाकडे काही नाही. आठ कार्डं कोणती उरली होती हेही आठवावं लागणार, आणि मला वाटतं ती रूपालीला सगळी आठवतील, कारण त्यातली सहा तिची आहेत.

हुशार वाचक लगेच विचारेल, मोबाइलची टॉर्च कुठे गेली? त्याची सोय आधीच करून ठेवा. घरात एकच फोन आणि तो रात्रपाळीला गेलेल्या वडलांकडे. बघा, वडीलही असे कामाला लागले, तेही शुद्धीत.

एक गोष्ट मला खरोखर खटकली. तुम्ही इचलकरंजीच्या, कथेतला बाप मागावर रात्रपाळीला, आणि बारा पानांत मागाचा आवाज एकदाही नाही. तुम्हाला तो ऐकूच येत नसेल, इतकी सवय. पण लाइट गेली की गल्लीतले माग थांबतात. अंधार होण्याआधी शांतता होते, निदान कानाला तसं वाटतं. तोपर्यंत ही दोघं जरा ओरडून बोलत होती हे वाचकाला तेव्हा कळेल. पहिल्या पानावर खटखट एकदा ऐकवून ठेवा, मध्ये विसरून जा, आणि इथे बंद करा. त्या शांततेत त्यांचे आवाज आपोआप खाली येतील. मग ती विचारेल, स्त्रीवादी इतिहासलेखन म्हणजे काय, आणि या वेळी उत्तर ओंकार देईल. ‘पुनर्मांडणी’ म्हणेल की ‘बायकांच्या बाजूनं परत लिहायचं’ म्हणेल, हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर पहिलं लिहून बघा. दुसरं फार गोड होतं.

निकाल नको. तिथपर्यंत जायचंच कशाला? माग परत सुरू होतात, बल्ब पेटतो आणि आठातलं एक कार्ड पडताळायचं राहून गेलेलं असतं, एवढ्यावर थांबलात तरी चालेल. की ओंकार झोपलेला आहे आणि ती एकटी कार्ड उलटं धरून छापील बाजूवरून प्रश्न आठवायचा प्रयत्न करतेय? मला स्वतःला हे दुसरं आवडतं. त्याची लबाडी ती उचलते. पण दोन्ही एकदम घालू नका.

किरकोळ: हॉलतिकीट तुम्ही रात्री दोन वेळा शोधायला लावलंय, एकदाच पुरे, किंवा मुळीच नको. चौथ्या पानावर ‘व्हॉल्टेअर’ आणि सातव्यावर ‘वॉल्टेर’ आहे. पाठ्यपुस्तकातलं रूप बघून एकच ठेवा, नाहीतर कोणीतरी इतिहासाच्या बाई पत्र लिहितील. आणि कात्री. पत्रिकेचा जाड कागद घरातल्या साध्या कात्रीने सरळ कापला जात नाही, कडा वाकड्या येतात. त्या येऊ द्या.